लोगो स्टिंग आणि एंड कार्ड: पाच सेकंदांचा हिशेब

प्रश्न: साताऱ्यात आमचा लाकडी घाण्याच्या तेलाचा छोटा व्यवसाय आहे. फोनवर शूट केलेल्या १५ ते ३० सेकंदांच्या जाहिराती इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. आता प्रत्येक जाहिरातीला लोगोचं छोटं अ‍ॅनिमेशन आणि शेवटी नाव-नंबराची पाटी जोडायची आहे. भाचा आफ्टर इफेक्ट्स शिकतोय, तोच करणार. लोगो छापखान्याने केलेला आहे: वर घाण्याचं चित्र, खाली थेंब, त्याखाली लाल अक्षरांत नाव. आमच्याकडे फक्त जेपीजी आहे. किती सेकंदांचं करावं, पाटीवर काय लिहावं, आवाज कसला द्यावा?

उत्तर:

लोगोचं अ‍ॅनिमेशन म्हणजे स्टिंग आणि शेवटची पाटी म्हणजे एंड कार्ड, या दोन वेगळ्या गोष्टी करू नका. लोगो हलत हलत जिथे येऊन थांबतो, तीच पाटीची पहिली फ्रेम असू द्या. लोगो आला, नाहीसा झाला, मग दुसऱ्या रंगाच्या पडद्यावर नंबर आला, असं केलं की तीन-चार सेकंदांत बघणाऱ्याला दोनदा नव्याने बघायला लागतं आणि नंबर वाचायला वेळ उरत नाही. तुमच्यासाठी मी एकूण पाच सेकंद धरीन: दीड सेकंद हालचाल, साडेतीन सेकंद स्थिर पाटी. आणि हे सगळं जाहिरातीच्या शेवटी.

सुरुवातीला लोगो फिरवत आणण्याचा मोह बहुतेकांना होतो, कारण टीव्हीवरच्या कार्यक्रमांची तशी सवय आहे. पण यूट्यूबवरची वगळता येणारी जाहिरात पाच सेकंदांनंतर वगळता येते, आणि रीलवर तर अंगठा त्याआधीच सरकतो. त्या पाच सेकंदांतले दोन लोगोला दिले तर तेलाची धार दाखवायला काय उरलं? पहिल्या दृश्यात डब्यावरचं लेबल स्पष्ट दिसेल असा डबा ठेवा. सुरुवातीचं नाव तेवढ्याने पोचतं.

आता फाइल. जेपीजीवर काम सुरू करू नका. अक्षरांच्या कडेला मळकट ठिपके असतात, पार्श्वभूमीचा पांढरा चौकोन चिकटलेला असतो आणि थेंब वेगळा हलवायचा तर आधी तो कापून काढावा लागतो. छापखान्याला फोन करा आणि मूळ कोरलड्रॉची फाइल मागा. त्यांना एवढंच सांगा, ‘अक्षरं कर्व्हमध्ये करून पीडीएफ किंवा एसव्हीजी द्या.’ कर्व्ह हा शब्द विसरू नका. आपल्याकडच्या छापखान्यांत अजून जुने, युनिकोड नसलेले देवनागरी फाँट भरपूर वापरात आहेत. अक्षरं कर्व्ह न करता फाइल आली तर तुमच्या भाच्याच्या संगणकावर नावाच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं उमटतील.

ती फाइल इलस्ट्रेटरमध्ये उघडून भाच्याने चार लेयर करायचे: घाण्याचं उखळ, त्यात फिरणारी लाट, थेंब आणि नाव. नावाची शिरोरेषाही शक्य असेल तर वेगळी काढायची, त्याचं कारण पुढे येईल. मग आफ्टर इफेक्ट्समध्ये आणून प्रत्येक लेयरवर Create Shapes from Vector Layer केलं की सगळे आकार लहानमोठे केले तरी कडा स्वच्छ राहतात. लोगोभोवती ‘स्थापना’ वगैरे बारीक गोलाकार मजकूर असेल तर या व्हिडिओपुरता तो काढून टाका. पावतीवर तो शोभतो, फोनवर मुंग्यांची रांग दिसते.

लाल रंगाबद्दल दोन गोष्टी. एक, छपाईसाठीचा लाल पडद्यावर आणला की बहुधा विटकरी किंवा मळकट होतो, तेव्हा तो फोनच्या पडद्यावर बघून नव्याने ठरवा. दुसरी गोष्ट जास्त त्रास देते. नेहमीच्या एमपी४ फाइलमध्ये उजेड-अंधाराची माहिती पूर्ण साठवतात, पण रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्म्याच बारकाईने. त्यामुळे काळ्या किंवा गडद हिरव्या पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं कडेला फुटतात, रंग बाहेर सांडल्यासारखा दिसतो. हा भाच्याच्या कामातला दोष नाही, फाइलच्या जातीचा आहे. उपाय सोपा: पार्श्वभूमी फिकट ठेवा, साय किंवा शेंगदाण्याच्या आतल्या रंगासारखी, आणि नाव जाड व गडद लाल. उजेडातला फरक मोठा असला की कडा टिकतात. नंबर मात्र लाल नको, गडद तपकिरी करा.

हालचालीसाठी एकच कल्पना घ्यायची आणि ती तुमच्या धंद्यातून यायला हवी. तयार टेम्प्लेटमध्ये सोनेरी कण उडतात, प्रकाशाची तिरीप जाते, लोगो तीन वेळा गरगरतो. ते सोनाराच्या, शिकवणीच्या, बिल्डरच्या अशा सगळ्यांच्या जाहिरातीत एकसारखंच दिसतं. शिवाय व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ फार दाबून पाठवतं. उडणाऱ्या कणांत प्रत्येक फ्रेमला चित्राचा मोठा भाग बदलतो, तेवढी माहिती दाबलेल्या फाइलमध्ये मावत नाही, आणि कणांच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात. सपाट रंगाचे, थोडेच हलणारे आकार या दाबण्यातून सहीसलामत सुटतात. तुमच्या लोगोत हालचाल आधीच आहे: लाट फिरते, तेल गळतं, थेंब पडतो. तेवढंच करा.

फोनचं शूटिंग बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचं असतं, तेव्हा अ‍ॅनिमेशनही ३० फ्रेमवरच करा. २५ वर केलेलं ३० च्या जाहिरातीत टाकलं तर मधल्या काही फ्रेम दोनदा दिसतात आणि गुळगुळीत हालचाल अडखळते. जाहिरातीतलं शेवटचं दृश्य तेलाच्या धारेचं आहे असं समजू. तिथून थेट सायीच्या रंगाच्या पडद्यावर कट. पहिल्या फ्रेमपासूनच उखळ मध्यावर उभं असावं, त्याला आणण्यात वेळ घालवू नका. शून्य ते बाराव्या फ्रेमपर्यंत लाट पाव वळसा फिरते, सुरुवातीला वेगात आणि शेवटी मंदावत. ती थांबता थांबता उखळाच्या तळाशी थेंब फुगतो. चौदाव्या फ्रेमला तो सुटतो आणि बाविसाव्या फ्रेमला खाली आदळतो. जिथे आदळतो तिथून नावाची शिरोरेषा डावी-उजवीकडे पसरते, साधारण तिसाव्या फ्रेमपर्यंत. रेषा अर्धी पसरली की तिच्याखाली अक्षरं उतरू लागतात आणि पंचेचाळिसाव्या फ्रेमला सगळं स्थिर होतं. हा दीड सेकंद झाला. बावन्नाव्या फ्रेमला खालचा मजकूर आणि नंबर नुसते उमलायला लागतात, साठाव्या फ्रेमला पूर्ण दिसतात. तिथून दीडशेव्या फ्रेमपर्यंत काहीही हलत नाही. म्हणजे नंबर वाचायला पूर्ण तीन सेकंद मिळाले.

नवशिक्याचं काम ओळखू येतं ते वेगाच्या चढउतारावरून. प्रत्येक कीफ्रेमवर एफ-९ दाबून Easy Ease लावलं की सगळ्या गोष्टी हळू सुटतात आणि हळूच थांबतात, थेंबसुद्धा. पण पडणारी वस्तू हळू थांबत नाही. ती सुटताना मंद असते, वेग वाढत जातो आणि आपटताना सर्वांत जास्त असतो. तेव्हा ग्राफ एडिटरमध्ये थेंबाच्या पहिल्या कीफ्रेमला आडवी सुरुवात द्या आणि शेवटच्या कीफ्रेमला रेषा तिरपी चढत जाऊ द्या. आदळल्यावर दोन फ्रेम थेंब चपटा, की लगेच शिरोरेषेत मिसळला. लाटेचं उलट: ती जड आहे, आपण तिला फिरत असतानाच बघतो, म्हणून शेवटी मंदावणं पुरे. शेवटी अक्षरांनी उसळी मारण्याची फॅशन आहे. मुलांच्या खेळण्यांच्या दुकानाला ती शोभेल, तेलाला नको.

शिरोरेषा आधी आणून अक्षरं तिच्याखाली उतरवायची ही युक्ती देवनागरी नावाला छान बसते, कारण ही अक्षरं मुळातच रेषेला लटकलेली असतात. पण इथेच बहुतेकांची गाडी अडते. रेषेच्या खाली मास्क लावून त्यातून अक्षरं सरकवली की रेषेखालचा भाग दिसतो आणि रेषेच्या वरचं सगळं कापलं जातं: रफार, मात्रा, अनुस्वार, वेलांटीची कमान. नाव ‘कीर्ती’ असेल तर ते ‘काता’ वाचलं जाईल. म्हणून रेषेच्या वरचे अवयव वेगळ्या लेयरवर ठेवा आणि अक्षर खाली बसलं की त्यानंतर दोन-तीन फ्रेमच्या अंतराने ते रेषेतून वर येऊ द्या. खाली उकार असतील तर मास्कची खालची कड त्यांच्याही खाली न्या.

आफ्टर इफेक्ट्समधला एकेक अक्षर हलवणारा टेक्स्ट अ‍ॅनिमेटर देवनागरीला लावू नका. तो इंग्रजीच्या हिशेबाने तुकडे करतो, त्यात जोडाक्षर फुटण्याची आणि मात्रा मुळापासून सुटण्याची भीती असते. कर्व्ह केलेले आकार असतील तर तुम्ही स्वतःच ‘की’ आणि ‘र्ती’ असे दोन पूर्ण गट करून हलवू शकता. खालच्या ओळी मात्र टाइप कराव्या लागतील. तिथे पहिली वेलांटी भलत्या जागी दिसली किंवा ‘क्त’चे पाय मोडलेले दिसले तर Preferences मध्ये Type या पानावर South Asian and Middle Eastern हा पर्याय निवडा, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा आणि ओळ नव्याने टाइप करा. फाँटसाठी एक टाइपचे मुक्त किंवा बालू घ्या. दोन्ही मोफत आहेत, धंद्याच्या कामात चालतात आणि जाड वजनात मिळतात.

पाटीवर काय? नाव, काय विकता ते, कुठे, आणि एकच कृती. तुमच्यासाठी लोगोखाली ‘लाकडी घाण्याचं तेल, सातारा’ ही एक ओळ आणि त्याखाली ‘ऑर्डरसाठी व्हॉट्सअ‍ॅप’ व नंबर. बस. दुकानाचा पूर्ण पत्ता, दुसरा नंबर, ईमेल, फेसबुक आणि इन्स्टाग्रामची चिन्हं, ‘आमची कुठेही शाखा नाही’, हे सगळं कापा. जो माणूस इन्स्टाग्रामवरच जाहिरात बघतोय त्याला इन्स्टाग्रामचं चिन्ह दाखवून काय मिळणार? नंबर पाच-पाच आकड्यांत तोडून लिहा, आपण तसाच तो तोंडाने सांगतो. आकडे मी इंग्रजीच ठेवतो. मराठी आकडे मला देखणे वाटतात, पण डायल करायच्या पाटीवर बघणाऱ्याला मनातल्या मनात अदलाबदल करावी लागू नये.

क्यूआर कोड बरेच जण मागतात. फोनवर जाहिरात बघणारा स्वतःचाच फोन स्वतःच्या फोनने कसा स्कॅन करणार? दुकानातल्या टीव्हीवर किंवा थिएटरात मध्यंतराआधी जाहिरात लावणार असाल तर त्यासाठी वेगळी पाटी करा, त्यात कोड मोठा घ्या, भोवती रिकामी पांढरी जागा ठेवा आणि ती पाटी किमान आठ-दहा सेकंद राहू द्या, खिशातून फोन काढायला वेळ लागतो.

व्हिडिओतल्या नंबरावर बोट ठेवून फोन लागत नाही, हेही लक्षात घ्या. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हिडिओखालच्या मजकुरात तोच नंबर लिहा. पैसे भरून चालवलेल्या जाहिरातीत खाली बटण येतं, तिथे पाटीवरचे शब्द आणि बटणाचं काम जुळलं पाहिजे. पाटी म्हणते ‘व्हॉट्सअ‍ॅप करा’ आणि बटण वेबसाइट उघडतं, हे मी नको तितक्या वेळा बघतो.

पाटी कुठे बसवायची यात सर्वांत जास्त कामं बिघडतात. १०८० बाय १९२० च्या उभ्या चौकटीत नंबर खाली ठेवला तर छान दिसतो, पण अपलोड केल्यावर त्यावर खात्याचं नाव, मजकूर आणि बटण येऊन बसतं. रील जाहिरातींसाठी मेटाची स्वतःची सूचना आहे की वरचा सुमारे १४ टक्के, खालचा ३५ टक्के आणि दोन्ही बाजूंचा ६-६ टक्के भाग मजकुरापासून मोकळा ठेवावा. म्हणजे वर साधारण २७० पिक्सेल, खाली ६७० पिक्सेल गेले, आणि तुमच्या हातात मध्ये उरला जवळजवळ चौरस तुकडा: रुंदी सुमारे ९५०, उंची सुमारे ९८०. ही अडचण वाटते, पण तिचा फायदाच होतो. लोगो, ओळ आणि नंबर मिळून ९५० बाय ९५० च्या एका प्रीकॉम्पमध्ये बसवा. तोच तुकडा उभ्या चौकटीत थोडा वर सरकवून, १०८० च्या चौकोनी चौकटीत मधोमध आणि १९२० बाय १०८० च्या आडव्या चौकटीतही जसाच्या तसा बसतो. आडव्यात दोन्ही बाजूला रिकामा रंग राहील, राहू द्या. नंबर बदलला तर एका जागी बदलून तिन्ही फाइली नव्याने काढता येतात.

अक्षरांच्या आकारासाठी एक कसोटी पुरेशी आहे. तयार पाटीचा व्हिडिओ फोनवर घ्या, पडद्याचा उजेड निम्मा करा, हात लांब धरून नंबर मोठ्याने वाचा. त्या चौकटीत आकड्यांची उंची साठ पिक्सेलच्या आसपास असेल तर सहसा वाचता येतो. अडखळलात तर अक्षर वाढवा. पाटीवर सेकंद वाढवून लहान अक्षर वाचनीय होत नाही.

आवाज. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून चित्र एकट्याने पुरलं पाहिजे, आवाज वरची भर. टायटनच्या जाहिरातीतली मोझार्टच्या पंचविसाव्या सिंफनीतली धून किंवा ब्रिटानियाची ‘टिंग टिंग टि-टिंग’ ऐकताच नाव आठवतं, ते वर्षानुवर्षं तेच ऐकवल्यामुळे. दोन आवाज ठरवा आणि दर सणाला बदलू नका. पहिला, लाट फिरतानाचा लाकडाचा कुरकुर आवाज. घाणा मोटरवर चालत असेल तर मोटरची घरघर त्यात येईल, तेव्हा मोटर बंद करून हाताने लाकडावर लाकूड घासून फोनवर रेकॉर्ड करा, अंगावर गोधडी घेऊन केलं तर खोलीचा घुमारा येत नाही. दुसरा, थेंब आदळताना एक स्वच्छ ‘टुप्’ आणि त्याच क्षणी जलतरंगासारखा एकच सूर. सिनेमाच्या ट्रेलरसारखा ‘धुम्म्’ घेऊ नका. खर्जातला आवाज फोनच्या छोट्या स्पीकरमधून जवळजवळ येतच नाही, हेडफोनवर दणदणीत वाटलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं ‘ठप्’ ऐकू येतं.

आवाज बाविसाव्या फ्रेमलाच लागला पाहिजे. एखादी फ्रेम मागे गेला तर कुणाला कळत नाही, पण थेंब टेकण्याआधी आला की लगेच खोटं वाटतं, कारण प्रत्यक्षात आवाज कधी दृश्याच्या आधी पोचत नाही. जाहिरातीचं संगीत थेंबाच्या पाच-सहा फ्रेम आधी विझवा, तेवढ्या शांततेत एक साधा सूरही उठून दिसतो. सुराचा शेवट व्हिडिओ संपण्याआधी पूर्ण विरू द्या. पाटी साडेतीन सेकंद आहे, जागा भरपूर आहे. आवाजाची एकूण पातळी उणे १४ लफ्सच्या आसपास ठेवा, यूट्यूब त्याहून मोठा आवाज स्वतःच खाली आणतं. चित्रपटगीताची चार सुरांची ओळखही वापरू नका. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ती पकडू शकते, आणि स्टिंग प्रत्येक जाहिरातीत असल्यामुळे दावा आला की सगळ्याच जाहिरातींवर येतो. विकत किंवा मोफत घेतलेल्या आवाजाचं परवानापत्र जपून ठेवा.

शेवटी फाइली. भाच्याने दोन प्रकार काढायचे. पहिला सायीच्या रंगाच्या पार्श्वभूमीसह, एच.२६४ मध्ये एमपी४, तिन्ही मापांत. रोजच्या जाहिरातीच्या शेवटी हाच जोडायचा, फोनवरच्या एडिटिंग अ‍ॅपमध्येही तो सरळ जोडला जातो. दुसरा पारदर्शक, प्रोरेस ४४४४ मध्ये, एखाद्या दृश्यावरच लोगो उमटवायचा असेल तेव्हासाठी. एच.२६४ मध्ये पारदर्शकता साठवली जात नाही, त्यात काढलात तर लोगोमागे काळा चौकोन येईल. आणि पारदर्शक फाइलमध्ये अक्षरांभोवती बारीक काळी किनार दिसली, तर निर्यात करताना Straight (Unmatted) निवडून पुन्हा काढा.

यूट्यूबची सहा सेकंदांची बंपर जाहिरात करायची वेळ आली तर ही पाच सेकंदांची आवृत्ती तिथे बसणार नाही. तिच्यासाठी लाटेचा वळसा काढून थेट थेंब सुटण्यापासून सुरू होणारी अडीच सेकंदांची आवृत्ती ठेवा. ‘टुप्’ आणि सूर तोच, नंबर नाही, फक्त नाव आणि ‘लाकडी घाण्याचं तेल, सातारा’. यूट्यूब चॅनेलवरच्या लांब व्हिडिओंना मात्र उलटी गरज असते. तिथे पुढच्या व्हिडिओचे चौकोन दाखवणारी एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येते आणि व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो. त्यासाठी हीच पाटी दहा सेकंद लांबवून लोगो डावीकडे सरकवलेली एक चौथी फाइल करून ठेवा, उजवी बाजू चौकोनांसाठी रिकामी.